थंड असताना बरोबर, गरम झाल्यावर चुकीचा: क्लास एबी ॲम्प्लिफायरचे आउटपुट ट्रान्झिस्टर पुन्हा पुन्हा शॉर्ट होतात तेव्हा

या तक्रारीचे स्वरूप जवळपास ठरलेले असते. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाले म्हणून ॲम्प्लिफायर दुरुस्तीला येतो, ट्रान्झिस्टर बदलले जातात, प्रीसेट फिरवून बायस, म्हणजे सिग्नल नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडा स्थिर करंट, लावला जातो, दहा मिनिटे मध्यम आवाजात तो उत्तम वाजतो आणि परत जातो. काही आठवड्यांनी, बहुधा बराच वेळ मोठ्या आवाजात वाजल्यानंतर, तेच ट्रान्झिस्टर पुन्हा शॉर्ट होतात. मग दुरुस्त करणारा धास्तावतो आणि बायस अगदी खाली आणतो. आता ट्रान्झिस्टर वाचतात, पण हळू आवाजात ऐकताना गाणाऱ्याच्या आवाजाला एक कोरडी, खरखरीत किनार येते आणि मालक पुन्हा दारात उभा राहतो. या दोन तक्रारी वेगळ्या वाटल्या तरी दोन्हींचे मूळ एकच आहे: बायस एका तापमानाला लावलेला असतो आणि ॲम्प्लिफायर वाजतो दुसऱ्याच तापमानाला.

माझ्याकडे असाच एक ॲम्प्लिफायर तीनदा आला. त्याचेच उदाहरण येथे सविस्तर घेतो, कारण त्यातले आकडे पाहिले की हा दोष नेमका कसा दबा धरून बसतो हे कळते. पुरवठा अधिक-उणे ३५ व्होल्ट, स्पीकर ८ ओमचा, आउटपुटला ५२०० आणि १९४३ या ट्रान्झिस्टरची एक जोडी, त्यांच्या आधी ड्रायव्हरची जोडी, दोन्ही टप्पे एमिटर फॉलोअर पद्धतीचे. आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटरला ०.२२ ओमचे रेझिस्टर होते. ड्रायव्हर आणि आउटपुट असे चारही ट्रान्झिस्टर एकाच हीटसिंकवर बसवलेले होते. बायस ठरवणारा बीडी १३९ हा ट्रान्झिस्टर मात्र बोर्डावर, हीटसिंकपासून साधारण दोन बोटे लांब, मोकळ्या हवेत उभा होता.

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे आणखी ट्रान्झिस्टर न जाळता मोजमाप करता येईल अशी सोय करणे. मुख्य पुरवठ्याच्या वाटेत ६० किंवा १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावावा. चालू करताच बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर कपॅसिटर चार्ज झाले एवढाच त्याचा अर्थ. तो उजळलेलाच राहिला, तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा बायस प्रमाणाबाहेर आहे, आणि अशा वेळी बल्ब काढण्याचा मोह टाळावा. बल्ब जोडलेला असताना पुरवठ्याचे व्होल्टेज थोडे उतरलेले असते, म्हणून बायसचा अंतिम आकडा बल्ब काढल्यानंतरच लावायचा असतो.

दुसरी पायरी अनेकदा राहून जाते. विनाकारण गरम होणारा प्रत्येक ॲम्प्लिफायर थर्मल रनअवेचा, म्हणजे स्वतःच्याच उष्णतेने वाढत जाणाऱ्या करंटचा, बळी नसतो. ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेवर तो आपोआप ऑसिलेट होत असेल तरीही आउटपुट ट्रान्झिस्टर तसेच तापतात. ऑसिलोस्कोप असेल तर प्रश्न लगेच सुटतो. नसेल तर आउटपुटवर कपॅसिटरसह सिरीजमध्ये जोडलेला १० ओमचा रेझिस्टर पाहावा. सिग्नल नसताना त्याच्यावर जवळपास काहीच शक्ती खर्च होऊ नये. तो चटका बसण्याइतका गरम असेल, किंवा हात जवळ नेला की बायसचा आकडा हलत असेल, तर बायसला दोष देण्याआधी ऑसिलेशन थांबवावे लागेल. माझ्या उदाहरणात हा रेझिस्टर थंड होता आणि स्कोपवर रेषा स्वच्छ होती.

आता बायस मोजण्याकडे वळू. इनपुट शॉर्ट करावे, स्पीकर काढून ठेवावा आणि मल्टीमीटर मिलीव्होल्टच्या रेंजवर घेऊन एका आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटरपासून दुसऱ्याच्या एमिटरपर्यंतचे व्होल्टेज मोजावे. या मोजणीत ०.२२ ओमचे दोन्ही रेझिस्टर येतात, त्यामुळे ४४ मिलीव्होल्ट दिसले तर प्रत्येकावर २२ मिलीव्होल्ट, म्हणजे स्थिर करंट १०० मिलीअँपिअर. प्रत्येक ट्रान्झिस्टर त्या वेळी ३५ व्होल्ट गुणिले ०.१ अँपिअर, म्हणजे साडेतीन वॅट उष्णता देत असतो.

हा २२ मिलीव्होल्टचा आकडा कोठून आला हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण विकृतीचा सारा प्रश्न त्याच्याशी बांधलेला आहे. प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या एमिटरला स्वतःचा एक अंतर्गत रोध असतो आणि तो करंट वाढला की घटतो. सामान्य तापमानाला २६ मिलीव्होल्टला करंटने भागले की तो मिळतो. १०० मिलीअँपिअरला तो सुमारे ०.२६ ओम भरतो. सिग्नल शून्याजवळ असताना दोन्ही ट्रान्झिस्टर चालू असतात, त्यामुळे स्पीकरला दोन्ही बाजूंचा रोध समांतर दिसतो. सिग्नल मोठा झाला की एकच ट्रान्झिस्टर उरतो, पण त्याचा अंतर्गत रोध तोवर नगण्य झालेला असतो आणि बाहेरचा ०.२२ ओमच तेवढा शिल्लक राहतो. आता अंतर्गत आणि बाहेरचा रोध समान असतील, तर शून्याजवळ त्यांची बेरीज दुप्पट, तिचा समांतर निम्मा, म्हणजे पुन्हा तोच ०.२२ ओम. शून्यापासून शिखरापर्यंत आउटपुटचा रोध जवळपास एकसारखा राहतो आणि एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे होणारा बदल कानाला जाणवत नाही. हेवलेट-पॅकार्डच्या बर्नार्ड ऑलिव्हर यांनी १९७१ मध्ये ही अट मांडली. त्यानुसार प्रत्येक एमिटर रेझिस्टरवर सुमारे २६ मिलीव्होल्ट यावेत. प्रत्यक्षात ट्रान्झिस्टरच्या आत इतरही थोडा रोध असल्याने योग्य जागा २० ते २५ मिलीव्होल्टच्या आसपास सापडते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. बायस कमी झाला की शून्याजवळ रोध वाढतो आणि क्रॉसओव्हर विकृती दिसू लागते, हे सर्वांना ठाऊक असते. पण बायस प्रमाणाबाहेर वाढवला की शून्याजवळ रोध जवळपास निम्म्यावर येतो आणि जेथे एक ट्रान्झिस्टर बंद होतो तेथे पायरी तयार होते. तीही विकृतीच आहे. ‘थोडा जास्त बायस ठेवला की आवाज आणखी शुद्ध’ ही समजूत क्लास एबीला लागू पडत नाही. येथे एक योग्य जागा असते, आणि आपले काम ॲम्प्लिफायर थंड असो वा गरम, त्या जागेजवळ राहील हे पाहण्याचे आहे.

अडचण अशी की ही जागा फार अरुंद आहे. करंट तोच ठेवला तर सिलिकॉन ट्रान्झिस्टरचे बेस-एमिटर व्होल्टेज प्रत्येक अंशाला सुमारे २ मिलीव्होल्टने घटते. हीटसिंक २५ अंशांवरून ५८ अंशांवर गेला, तर त्यावरच्या प्रत्येक जंक्शनचे व्होल्टेज ६६ मिलीव्होल्टने उतरते. आमच्या ॲम्प्लिफायरमध्ये अशी चार जंक्शन हीटसिंकवर होती, म्हणून एकूण फरक २६४ मिलीव्होल्टचा. आपण जपत असलेला आकडा ४४ मिलीव्होल्टचा आहे आणि त्याच्या शेजारी २६४ मिलीव्होल्टची ओढ आहे. बीडी १३९ चे काम हेच की त्याने हीटसिंकइतकेच तापावे आणि आपले व्होल्टेज तेवढ्याच प्रमाणात कमी करावे. त्याच्या भोवतीचे दोन रेझिस्टर त्याचे बेस-एमिटर व्होल्टेज सुमारे पावणेचार पट करतात, त्यामुळे त्याच्या तापमानाचा परिणामही पावणेचार पट, म्हणजे प्रत्येक अंशाला साडेसात-आठ मिलीव्होल्ट होतो. चार जंक्शनला हे पुरेसे आहे. अट एकच: त्याला हीटसिंकचे तापमान कळले पाहिजे.

आमच्या बीडी १३९ ला ते कळत नव्हते. मी स्पीकरऐवजी ८ ओमचा डमी लोड लावला आणि पूर्ण शक्तीच्या सुमारे ४० टक्क्यांवर साइन सिग्नल दिला. अशा ॲम्प्लिफायरमध्ये आउटपुट ट्रान्झिस्टर सर्वाधिक तापतात ते पूर्ण आवाजाला नव्हे, तर साधारण याच पातळीला. ३५ व्होल्टवर आणि ८ ओमवर जोडीचा खर्च येथे ३१ वॅटपर्यंत जातो. वीस मिनिटांनी हीटसिंक ५८ अंशांवर पोहोचला. बीडी १३९ वर थर्मोकपल लावून पाहिले, तर तो केवळ ८ अंशांनी तापला होता. सिग्नल बंद करून मीटर पाहिला. थंड असताना ४४ मिलीव्होल्ट दाखवणारा काटा आता १६५ वर होता, म्हणजे स्थिर करंट १०० ऐवजी सुमारे ३८० मिलीअँपिअर. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो आकडा उतरत नव्हता. एका मिनिटाने १६८, तीन मिनिटांनी १७४. सिग्नल नाही, स्पीकर नाही, आणि तरीही ॲम्प्लिफायर स्वतःच्याच उष्णतेने चढत होता. मी पुरवठा बंद केला.

दहा मिनिटांच्या तपासणीत हा दोष का दिसला नाही, हे पुढील हिशोबातून उलगडते. समजा काही कारणाने दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टरमध्ये प्रत्येकी एक वॅट जास्त खर्च झाला. हा हीटसिंक एका वॅटला सुमारे एक अंश तापतो, म्हणून दोन वॅटने तो २ अंश तापेल. आणि ट्रान्झिस्टरच्या आतले जंक्शन, मायका वॉशर धरून, हीटसिंकपेक्षा आणखी १.३ अंश तापेल. आउटपुट ट्रान्झिस्टरचे व्होल्टेज त्यामुळे सुमारे ६.७ मिलीव्होल्टने आणि त्याच बाजूच्या ड्रायव्हरचे ४ मिलीव्होल्टने घटेल. बोर्डावरचा बीडी १३९ हीटसिंकच्या वाढीपैकी जेमतेम चौथा हिस्सा पाहतो, म्हणून त्याची भरपाई एका बाजूला २ मिलीव्होल्टची. उरले ८.७ मिलीव्होल्ट.

हे ८.७ मिलीव्होल्ट करंट किती वाढवतील, ते एमिटरच्या वाटेतील एकूण रोधावर ठरते. करंट १०० मिलीअँपिअर असताना तो रोध अंतर्गत ०.२६ आणि बाहेरचा ०.२२ मिळून ०.४८ ओम आहे. करंट १८ मिलीअँपिअरने वाढेल आणि ३५ व्होल्टवर त्याचे ०.६३ वॅट होतील. म्हणजे एक वॅटचा धक्का दिला तर ०.६३ वॅट परत येतो, त्यातून पुढच्या फेरीत ०.४ वॅट, आणि अशा रीतीने वाढ कोठेतरी थांबते. पण हाच करंट ३८० मिलीअँपिअर झाला की, गरम अवस्थेत २६ ऐवजी सुमारे २८.५ मिलीव्होल्ट धरून, अंतर्गत रोध सुमारे ०.०७५ ओमवर येतो आणि एकूण रोध ०.२९५ ओमच उरतो. आता तेच ८.७ मिलीव्होल्ट करंटमध्ये २९ ते ३० मिलीअँपिअरची वाढ करतात आणि परत येणारी उष्णता १.०३ वॅट होते. एक वॅट दिला आणि एकाहून जास्त परत आला. या सीमेपलीकडे वाढ आपोआप थांबत नाही. यालाच थर्मल रनअवे म्हणतात.

म्हणूनच हा दोष थंड टेबलावर सापडत नाही. तेथे परतावा ०.६३ असतो आणि ॲम्प्लिफायर निर्दोष वाटतो. मोठ्या आवाजात बराच वेळ वाजून हीटसिंक तापला की करंट सीमेपर्यंत ढकलला जातो, आणि मग आवाज कमी केला तरी परतीची वाट बंद झालेली असते. मालक सांगत होता की ट्रान्झिस्टर जातात ते गाणी संपल्यावर, सगळे शांत असताना. पहिल्या दोन खेपांना मी या वाक्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही. खरे तर निदान त्याच्याच तोंडून झाले होते.

उपाय म्हणून मी प्रथम ड्रायव्हर हीटसिंकवरून काढून त्यांना छोटे स्वतंत्र हीटसिंक दिले आणि बीडी १३९ मोठ्या हीटसिंकवर बसवला. विचार असा की तापणारी जंक्शन कमी केली की प्रश्नच हलका होईल. ट्रान्झिस्टर आता सुरक्षित झाले, पण गरम झाल्यावर बायसचा आकडा ४४ वरून थेट शून्याजवळ गेला आणि स्कोपवर साइन लहरीच्या मध्यावर स्पष्ट खाच दिसू लागली. कारण साधे आहे. हीटसिंकवर आता आउटपुटची दोनच जंक्शन उरली होती, त्यांना प्रत्येक अंशाला ४ मिलीव्होल्टची भरपाई पुरेशी होती, आणि बीडी १३९ मात्र पूर्वीप्रमाणे त्याच्या जवळपास दुप्पट देत होता. तेहतीस अंशांच्या वाढीला ही जास्तीची भरपाई सव्वाशे मिलीव्होल्टच्या आसपास जाते. ४४ मिलीव्होल्टचा बायस तिच्यापुढे टिकणे शक्यच नव्हते. कमी भरपाई ट्रान्झिस्टर मारते आणि जास्त भरपाई आवाज बिघडवते. गरम झाल्यावर खरखरणारा, पण कधीही न जळणारा ॲम्प्लिफायर समोर आला, तर हा दुसरा प्रकार आधी तपासावा.

ज्यांना ड्रायव्हर वेगळ्या हीटसिंकवर ठेवायचेच आहेत, त्यांनी बायसचे व्होल्टेज दोन भागांत विभागावे: एक ट्रान्झिस्टर आउटपुटच्या हीटसिंकवर बसवून त्याच्याकडून दोन जंक्शनइतके व्होल्टेज घ्यावे, आणि उरलेल्या दोन जंक्शनइतके व्होल्टेज ड्रायव्हरच्या हीटसिंकवर बसवलेल्या दुसऱ्या ट्रान्झिस्टरकडून घ्यावे. मग प्रत्येक जोडीला तिच्याच तापमानाची भरपाई मिळते. माझ्या बोर्डावर यासाठी जागा नव्हती, म्हणून मी ड्रायव्हर पुन्हा मोठ्या हीटसिंकवर आणले आणि फक्त बीडी १३९ ची जागा बदलली.

ही जागा कोणती निवडावी याला महत्त्व आहे. हीटसिंकच्या कडेला बसवलेला सेन्सर तापतो, पण काही मिनिटे मागे राहून. दरम्यान जंक्शन खूप पुढे गेलेले असते. आउटपुट ट्रान्झिस्टरच्या वरच्या, प्लॅस्टिकच्या पाठीवर तो बसवला, तर चिपची उष्णता त्याला बरीच लवकर आणि अधिक थेट मिळते. मी बीडी १३९ ची धातूची बाजू ५२०० च्या पाठीवर टेकवली, मध्ये हीटसिंक पेस्टचा पातळ थर दिला आणि दोन्ही एका पट्टीखाली दाबून बसवले. त्या धातूच्या बाजूला कलेक्टर जोडलेला असतो, म्हणून घट्ट केल्यानंतर कलेक्टर आणि हीटसिंक यांच्यात संपर्क नाही, हे मीटरने तपासून घ्यावे.

बीडी १३९ बोर्डापासून दूर गेला की त्याला तीन वायर जोडाव्या लागतात आणि या वायरकडे दुर्लक्ष करू नये. त्या आखूड ठेवाव्यात, एकमेकींत पिळून घ्याव्यात आणि कलेक्टर ते एमिटर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बीडी १३९ च्या पायांजवळच लावावा. यांपैकी बेसची वायर तुटली तर बीडी १३९ पूर्ण बंद होतो, बायसचे व्होल्टेज एकदम वर जाते आणि आउटपुट ट्रान्झिस्टर क्षणात जातात. म्हणून सोल्डरिंगच्या सांध्यावर ताण येऊ नये अशा रीतीने वायर पट्टीला बांधून टाकाव्यात.

हाच धोका प्रीसेटमध्ये लपलेला असतो. जुन्या प्रीसेटचा सरकता स्पर्श धुळीने किंवा गंजाने सुटतो. तो कलेक्टर आणि बेस यांच्यामध्ये असेल, तर स्पर्श सुटताच बायस कमाल होतो. बेस आणि एमिटर यांच्यामध्ये असेल, तर स्पर्श सुटल्यावर बायस किमान होतो आणि काही वेळ खरखर ऐकू येण्यापलीकडे नुकसान होत नाही. माझ्या बोर्डावर तो चुकीच्या जागी होता. मी कलेक्टर-बेसमध्ये २.२ किलोओमचा स्थिर रेझिस्टर टाकला आणि बेस-एमिटरमध्ये ६८० ओमच्या रेझिस्टरला २२० ओमचा प्रीसेट सिरीजमध्ये जोडला. यामुळे प्रीसेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला तरी बायसचे व्होल्टेज साधारण २.२५ ते २.७५ व्होल्ट या पट्ट्यातच राहते, आणि आपल्याला हवे असलेले २.४५ व्होल्ट त्याच्या मध्याजवळ पडते. स्थिर रेझिस्टर न घालता केवळ मोठा प्रीसेट लावला, तर तो शून्यावर जाताच बीडी १३९ बंद पडतो. पहिल्यांदा चालू करताना जळणारे कित्येक बोर्ड याच कारणाने जळतात.

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची कसोटी: बायस गरम अवस्थेत लावणे आणि त्याचा चढउतार पाहणे. मी प्रथम थंड असताना आकडा मुद्दाम ३० मिलीव्होल्टवर ठेवला, दहा मिनिटे तसाच चालू ठेवून ४० वर आणला. मग पुन्हा डमी लोडवर वीस मिनिटे तोच साइन सिग्नल. सिग्नल बंद केल्या क्षणी आकडा ५८ होता, अर्ध्या मिनिटात ४९ आणि दोन मिनिटांनी ४५. येथे प्रीसेट किंचित फिरवून ४४ केला. पुढे हीटसिंक थंड होत गेला तसा आकडा ३९ ते ४४ च्या दरम्यान राहिला.

या आकड्यांचे वाचन असे करावे. सिग्नल बंद होताच आकडा काही सेकंद चढलेला दिसणे स्वाभाविक आहे, कारण जोरात काम करताना जंक्शन हीटसिंकपेक्षा वीसेक अंशांनी पुढे असते आणि सेन्सर कितीही जवळ असला तरी थोडा मागे राहतो. तो आकडा एक-दोन मिनिटांत खाली आला, तर भरपाई योग्य आहे. तो वरच अडकला आणि हीटसिंक थंड होईल तसाच सावकाश उतरला, तर भरपाई कमी आहे; आज जळणार नाही, पण बंदिस्त जागेत किंवा उन्हाळ्यात जळेल. उतरण्याऐवजी चढत गेला, तर लगेच बंद करावे. उलट सिग्नल बंद होताच किंवा त्यानंतर लगेच आकडा थंड अवस्थेपेक्षा बराच खाली गेला, तर भरपाई जास्त आहे आणि गरम असताना हळू आवाजात विकृती येणार. एका थंड मोजणीवरून यातले काहीच कळत नाही.

भरपाई सुधारल्यानंतरचा हिशोबही मांडतो. सेन्सर आता हीटसिंकच्या वाढीचा सुमारे ९० टक्के भाग पाहतो असे धरले, तर एक वॅटच्या धक्क्यानंतर उरणारे व्होल्टेज ८.७ वरून साडेतीन मिलीव्होल्टवर येते आणि परतावा १०० मिलीअँपिअरला पाव वॅट होतो. करंट ३८० मिलीअँपिअर झाला तरी तो ०.४ वॅटच्या आसपास राहतो, एकाच्या बराच खाली. पूर्वी जी सीमा ओलांडली जात होती, ती आता दृष्टिपथातही नाही.

एवढे करूनही आकडा चढत राहिला, तर एमिटर रेझिस्टर ०.२२ ऐवजी ०.३३ ओमचे करून पाहता येतात. त्यामुळे एकूण रोध वाढतो आणि प्रत्येक अंशाला होणारी करंटची वाढ कमी होते. प्रत्येक रेझिस्टरवर मात्र पुन्हा २२ मिलीव्होल्टच ठेवावेत, म्हणजे स्थिर करंट सुमारे ६७ मिलीअँपिअर होईल. जुनाच १०० मिलीअँपिअर धरला तर बायस योग्य जागेच्या पुढे जाईल. त्या बदल्यात विकृती थोडी वाढते, म्हणून हा उपाय मी सेन्सरची जागा सुधारल्यानंतरच वापरतो, आधी नाही. ०.१ ओमचे रेझिस्टर लावून विकृती कमी करण्याचा प्रयत्न ज्यांनी केला आहे, त्यांचा ॲम्प्लिफायर तर भरपाई अचूक नसेल तर मुळीच टिकत नाही.

आणखी एक शक्यता डोळ्यांआड करू नये. तुमची भरपाई बरोबर आहे, मोजणीत आकडा नीट उतरतो, आणि तरीही मोठ्या आवाजात तेच ट्रान्झिस्टर जातात, असे असेल तर ट्रान्झिस्टर नकली आहेत का ते पाहावे. जळालेला ट्रान्झिस्टर पकडीने फोडला की आतली चिप दिसते. ५२०० सारख्या भाराच्या ट्रान्झिस्टरमध्ये इवलीशी चिप निघाली, तर एका वॅटला जंक्शन १.३ नव्हे, त्याहून बरेच अंश तापत असणार, आणि वरचा सगळा हिशोब त्या ट्रान्झिस्टरला लागूच पडत नाही. त्याच वेळी मायका वॉशरखालची पेस्ट वाळून पांढरी भुकटी झाली आहे का तेही पाहून घ्यावे, कारण तिचा परिणामही तोच होतो.

हा ॲम्प्लिफायर परत देण्याआधी मी त्याचे झाकण बंद करून दोन तास डमी लोडवर चालवला आणि दर अर्ध्या तासाला सिग्नल तोडून आकडा लिहून ठेवला. चारही वेळा तो दोन मिनिटांच्या आत ४३ ते ४८ मिलीव्होल्टच्या दरम्यान परतला. तो कागद मी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून दिला आहे, म्हणजे पुढे कोणी ट्रान्झिस्टर बदलले तर गरम अवस्थेत कोणता आकडा अपेक्षित आहे हे त्याच्या समोर असेल.